फोटोच्या कडेला तुटलेले शब्द

गावच्या घरी पेटीत जुनी पत्रे सापडतात. पुतण्या मोबाइलवर भराभर फोटो काढतो आणि घरच्या ग्रुपवर टाकतो. पुण्यात किंवा शिकागोत बसलेली बहीण त्यावरून पत्रे टाइप करायला घेते. महिन्याभरात वीस पत्रांची सुबक फाइल तयार होते आणि पुढे सगळे त्या फाइलवरच विसंबतात. पण कित्येक फोटोंत पानाची उजवी कड चौकटीबाहेर राहिलेली असते, आणि टाइप केलेल्या मजकुरात तिचा मागमूसही उरलेला नसतो.

मराठीत ही उजवी कड फार मोलाची आहे. वाक्याचे क्रियापद शेवटी येते आणि नकार बहुधा त्याच्याही नंतर. ‘जमीन विकावी लागणार नाही’ यातला शेवटचा शब्द चौकटीबाहेर गेला तर उरलेले वाक्य व्याकरणाने निर्दोष असते आणि अर्थाने नेमके उलटे. डावी कड कापली गेली तर ‘अयोग्य’चे ‘योग्य’ होते. आकड्यांचेही तसेच. ‘१,२५,०’ दिसले की स्वल्पविरामानंतर आणखी अंक हवेत हे कळते, पण डावीकडे कापल्याने ‘१,२५,०००’चे ‘२५,०००’ झाले असतील तर संशयाला जागाच राहत नाही. अर्धवट दिसणारा शब्द निदान सावध तरी करतो. पूर्ण दिसणारा अपुरा मजकूर जास्त घातक.

म्हणून वाचायला लागण्यापूर्वी फोटोच्या चारही कडा पाहाव्यात. कागदाची कड आणि तिच्यापलीकडचे टेबल दिसत असेल तर ओळ तिथेच संपली आहे. कागद थेट फोटोच्या कडेला भिडला असेल तर काहीच गृहीत धरता येत नाही. देवनागरीत शिरोरेषेचीही मदत होते. ती कडेपर्यंत जाऊन तुटली असेल तर शब्द बहुधा अपुरा आहे. शेवटच्या अक्षराकडेही बारकाईने पाहावे लागते. ‘क’चा उजवा आकडा कापला की ‘व’ दिसतो, ‘फ’चा ‘प’ होतो, ‘ख’ मधोमध तुटला की ‘र’ उरतो.

एक उदाहरण शेवटपर्यंत सोडवून पाहू. समजा, वडिलांनी मुलाला लिहिलेल्या पत्राचा फोटो आहे. उजवी कड कापलेली आहे आणि फोनही थोडा तिरपा धरला गेला आहे. त्यातल्या काही ओळी अशा दिसतात:

चि. बाळू यास अनेक आशीर्वा
विशेष. विहिरीचे काम सं
आहे. दामूचे ३५० परत दिले
त्याची काळजी नसावी. आईची तब्ये

आणि अगदी तळाशी: ‘कळावे. अनेक आशी’.

पहिल्या ओळीत ‘द’ गेला आहे, हे मायना जाणणारा कोणीही सांगेल. तळाच्या ओळीत ‘र्वाद’ हवे, म्हणजे दोन अक्षरे गेली. या दोन ओळी आता मोजपट्टीचे काम करतात. वर साधारण एक अक्षर आणि खाली दोन गेली असतील, तर मधल्या ओळींतही एक-दोन अक्षरांच्या आसपासच गेले असणार. शिलालेख वाचणारे तुटलेल्या दगडावर असाच हिशेब करतात. साचेबद्ध, म्हणून खात्रीने भरता येणारी ओळ आधी शोधायची आणि तिच्यावरून बाकीच्या ओळींची लांबी ठरवायची.

हे माप घेऊन दुसऱ्या ओळीकडे यावे. ‘काम सं’ आणि पुढच्या ओळीत ‘आहे’. दोन अक्षरे धरली तर ‘संपले’ बसते, ‘संपत’ही बसते. एकच धरले तर ‘संथ’ बसते. विहीर बांधून झाली, होत आली की रेंगाळली, या तीन वेगळ्या बातम्या आहेत. इथे काहीही भरू नये.

तिसरी ओळ त्याहून नाजूक. ‘दिले’वरची शिरोरेषा पूर्ण आहे आणि तिच्यानंतर थोडी कोरी जागा दिसते, म्हणजे शब्द तिथे संपला. त्यापुढे ‘नाहीत’ होते का? मापाप्रमाणे तीन अक्षरे मावू नयेत. पण हस्ताक्षरात माणूस ओळीच्या शेवटी अक्षरे दाटून लिहितो, त्यामुळे ‘नव्हते’ असे छातीठोकपणे म्हणता येत नाही. दामूचे पैसे फिटले की नाही हा प्रश्न खुलाच राहतो. अशा वेळी ‘दिले’नंतर सवयीने पूर्णविराम देणे हाही एक निर्णय असतो आणि तो लिहिणाऱ्याच्या नावावर जमा होतो.

मग लिहायचे कसे? प्राचीन ग्रीक-लॅटिन लेखांच्या अभ्यासकांनी १९३१ मध्ये नेदरलँड्समधल्या लायडेन इथे यासाठी खुणा ठरवल्या आणि त्या आजही वापरात आहेत. नष्ट झालेला पण संपादकाने भरलेला मजकूर चौकटी कंसात येतो. न भरलेल्या जागी जितकी अक्षरे गेली असतील तितके टिंब. संशयित अक्षराखाली एक टिंब. ही शेवटची खूण देवनागरीत चालत नाही, कारण अक्षराखालच्या टिंबाला इथे आधीच काम आहे, ‘ऱ’ पाहावा. तिच्याऐवजी प्रश्नचिन्ह बरे.

पण लायडेनच्या खुणा झिजलेल्या, फुटलेल्या मूळ वस्तूसाठी आहेत. फोटोत मूळ कागद धडधाकट असतो, केवळ चौकट अपुरी पडलेली असते. हा फरक लिहिलाच पाहिजे, कारण कागद फाटला असेल तर शोध तिथेच थांबतो आणि फोटो कापला असेल तर एका फोनवर काम होऊ शकते. नुसती तीन टिंबे दिली तर यातले काहीच कळत नाही. पत्र लिहिणाऱ्यानेच वाक्य सोडून दिले होते, टाइप करणाऱ्याने मजकूर गाळला, की कड कापली गेली? म्हणून चौकटी कंसात सरळ मराठीत लिहावे: [फोटोबाहेर], [कागद फाटला], [वाचता येत नाही]. वरचे पत्र मग असे होईल:

चि. बाळू यास अनेक आशीर्वा[द]
विशेष. विहिरीचे काम सं[फोटोबाहेर, १–२ अक्षरे]
आहे. दामूचे ३५० परत दिले [फोटोबाहेर]
त्याची काळजी नसावी. आईची तब्ये[त]

ओळी मूळ पत्रात जिथे तुटतात तिथेच तोडाव्यात. सलग परिच्छेद केला की ‘दिले’ आणि ‘त्याची’ शेजारी येतात आणि मधली फट बुजते. वर एका वाक्यात नोंद असावी: ‘फोटोत पानाची उजवी कड नाही, चौकटी कंसातले फोटोत दिसत नाही.’

कड नेमकी कुठे गेली तेही विचारावे. फोटोतच आली नसेल तर पान पुन्हा टिपावे लागते. पण अनेकदा कागदपत्रे स्कॅन करणारे ॲप कागदाच्या कडा स्वतःच ओळखून बाकीचे कापून टाकते. पांढऱ्या चादरीवरचे फिकट पान असेल तर हमखास चुकते. अशा वेळी मूळ फोटो पाठवणाऱ्याच्या फोनमध्ये शाबूत असू शकतो. चॅटमध्ये उंच फोटो कापून दाखवला जातो, तेव्हा तो उघडला तरी काम होते. नवा फोटो काढायचा तर पान गडद पृष्ठभागावर ठेवावे आणि कॅमेऱ्याचे प्रमाण ४:३ असावे, कारण ए-फोर कागदाचा आकार त्याच्या जवळ जातो. पानाचे चारही कोपरे फोटोत आले पाहिजेत.

मागणीही नेमकी हवी. ‘फोटो नीट पाठव’ म्हटले की पुष्कळदा तसाच दुसरा येतो. ‘तिसऱ्या ओळीत “दिले”च्या पुढे काय आहे, तेवढेच जवळून टिप’ असे सांगितले तर काम होते. पुतण्याने फोनवर नुसतेच वाचून दाखवले तर तो शब्द कंसातच राहू द्यावा आणि पुढे ‘फोनवर सांगितलेले, पाहिलेले नाही’ असे लिहावे. नवा फोटो डोळ्यांनी पाहिला की मगच कंस काढावा, आणि जुना फोटो फाइलबरोबर तसाच राहू द्यावा.