आधी सगळा सेक्रेटरी, मग भाडेकरू

माझी भाची डोंबिवलीत राहते आणि रील करते. तिच्या रीलमध्ये माणसं तीन, आणि तिन्ही तीच: हाउसिंग सोसायटीचा सेक्रेटरी, नवा भाडेकरू आणि वॉचमन. पार्किंग, कचरा, पाणी असल्या एखाद्या तक्रारीवरून 45 सेकंदांचा वाद आणि शेवटी वॉचमनचं एक तिरकस वाक्य. रोज एक टाकायची म्हणून ऑफिसातून आल्यावर ती शूटला बसायची. चष्मा लाव, बोल, चष्मा काढ, टी-शर्ट बदल, बोल, टोपी घाल. एका रीलला दीड तास जायचा. शेवटी तिने ठरवलं, एका शनिवार-रविवारी चौदा दिवसांच्या 14 रील शूट करून टाकायच्या.

पहिला धडा असा, की रीलच्या क्रमाने शूट केलं तर काहीच वाचत नाही. कपडे 42 वेळा बदलावे लागतात. म्हणून शुक्रवारी रात्री चौदाही संहिता पूर्ण लिहिलेल्या हव्यात आणि त्या फोडायला हव्यात. 45 सेकंदांत साधारण शंभर शब्द मावतात, म्हणजे सातआठ संवाद. तिच्याकडे एकूण 112 संवाद झाले. प्रत्येक संवादाला एक्सेलमध्ये एक ओळ दिली: रील कितवी, पात्र कोण, बसलंय की उभं, हातात काय. मग ती यादी पात्रानुसार लावली. सेक्रेटरीचे 50, भाडेकरूचे 40, वॉचमनचे 22. आता कपडे बदलायचे फक्त तीनदा. एका संवादाचे दोनतीन टेक आणि मधली खुडबूड धरली तर तीन मिनिटं लागतात. म्हणजे सेक्रेटरीलाच अडीच तास.

सेक्रेटरी नेहमी कॅमेऱ्याच्या डाव्या बाजूला बघतो, भाडेकरू उजव्या. हे चुकलं तर दोघं एकमेकांशी न बोलता तिसऱ्याच कुणाशी बोलताहेत असं वाटतं. तिने भिंतीवर चिकटपट्टीचे दोन तुकडे लावले आणि नजर तिथेच ठेवली. समोरच्याचे संवाद म्हणायला मला बसवलं होतं. ते काम दिसतं त्यापेक्षा महत्त्वाचं आहे. समोरून कुणी नीट भांडलं नाही, तर पन्नास वाक्यं एकाच सुरात येतात. ओरडायचे संवाद मात्र तिने सकाळी आधी उरकले आणि दहा वाजताच घसा बसला. पुढचा सेक्रेटरी सर्दी झाल्यासारखा ऐकू येतो. आरडाओरडा शेवटी ठेवावा.

खरी फसगत उजेडाने केली. सेक्रेटरी सकाळी शूट झाला, भाडेकरू दुपारी चारला. एडिटला बसल्यावर दिसलं, की एकाच खोलीत एकाच्या गालावर कोवळं ऊन आहे आणि दुसरा संध्याकाळच्या सावलीत उभा आहे. रविवारी भाडेकरू पुन्हा शूट केला. या वेळी पडदे ओढून, एलईडी दिव्यावर, आणि त्यासाठी सेक्रेटरीचे निम्मे संवादही परत घ्यावे लागले. त्यात दिव्याखाली चित्रावर काळसर पट्टे सरकू लागले. आपल्याकडची वीज 50 हर्ट्झची. बरेच दिवे सेकंदाला शंभर वेळा मंद-प्रखर होतात आणि शटरचा वेग त्या तालाशी जुळला नाही की पट्टे उमटतात. फोनमध्ये शटर 1/50 किंवा 1/100 ठेवलं की बहुतेक वेळा जातात. हे शूटच्या आधी एक मिनिट चाचणी घेऊन बघायचं असतं. आम्ही घेतली नव्हती.

आवाजासाठी पंखा बंद, फ्रिजही बंद. फ्रिज परत चालू करायची आठवण राहावी म्हणून स्कूटरची किल्ली आतच ठेवायची. किल्लीशिवाय घराबाहेर पडता येत नाही. प्रत्येक टेकच्या आधी मोठ्याने सांगायचं, ‘रील पाच, सेक्रेटरी, तीन’. नाहीतर रविवारी रात्री तीनशे फायलींतून एक वाक्य शोधणं म्हणजे गवतातली सुई. आणि प्रत्येक पात्र नुसतं ऐकतंय, भुवया उंचावतंय, असं एकेक मिनिट मुद्दाम शूट करून ठेवायचं. दोन वाक्यांमधला सांधा जुळला नाही, की तोच तुकडा कामी येतो.

या पद्धतीला एक मर्यादा आहेच. पहिल्या रीलवर लोक काय म्हणतात ते कळेपर्यंत चौदावी शूट झालेली असते. आठव्या रीलमधली पाणीकपात ती टाकायच्या दिवसापर्यंत संपली होती आणि विनोद शिळा झाला. म्हणून आता ती 12 च शूट करते आणि दोन जागा रिकाम्या ठेवते. सेक्रेटरीचा चष्मा आणि वॉचमनची टोपी दाराजवळच्या खुंटीवर टांगलेली असतात.