गोल व्हिडिओ मेसेज आधी मुका का असतो?

चॅटमध्ये बोलणाऱ्या माणसाचा चेहरा गोलात दाखवणारा छोटा व्हिडिओ मेसेज टेलिग्रामने मे 2017 मध्ये आणला. व्हॉट्सअ‍ॅपवर तो जुलै 2023 मध्ये आला. दोन्हीकडे त्याची कमाल लांबी एक मिनिट आहे. पाठवण्याची रीत व्हॉइस मेसेजसारखीच आहे. टेलिग्रामवर माइकच्या चिन्हाला एकदा बोट लावले की तिथे कॅमेऱ्याचे चिन्ह येते. ते दाबून धरायचे आणि बोलायचे. बोट उचलले की मेसेज गेला. जास्त वेळ बोलायचे असेल तर बोट वर सरकवून रेकॉर्डिंग चालू ठेवता येते.

साध्या व्हिडिओ क्लिपशी असलेला खरा फरक आकाराचा नसून या रीतीचा आहे. क्लिप आधी काढलेली असते. ती गॅलरीतून निवडतात, नको तो भाग कापतात, खाली दोन ओळी लिहितात आणि मग पाठवतात. बघणारा ती पूर्ण पडद्यावर उघडतो. गोल मेसेज मात्र त्या चॅटमध्ये, त्या क्षणी, त्या माणसासाठी बोललेला असतो. टेलिग्रामवर त्याला खाली मजकूरही जोडता येत नाही, कारण जे सांगायचे ते बोलूनच सांगायचे असते. म्हणूनच त्याला व्हिडिओपेक्षा चेहरा असलेला व्हॉइस मेसेज मानणे जास्त बरोबर आहे.

फाइल मात्र गोल नसते. व्हिडिओची चौकट नेहमी काटकोनीच असते. टेलिग्रामच्या गोल मेसेजची फाइल लांबी-रुंदी सारखी असलेली, चौरस असते, आणि अ‍ॅप दाखवताना तिचे चारही कोपरे झाकते. चौरसात बसणारे वर्तुळ त्याचा सुमारे 78 टक्के भाग व्यापते. चेहरा मधोमध असल्याने उरलेला भाग गेला तरी काही बिघडत नाही. पण आधी काढलेली आडवी क्लिप गोल करायला गेले तर नुकसान मोठे होते. समजा, क्लिप 1280 × 720 पिक्सेलची आहे. तिच्यातून आधी मधला 720 × 720 चा चौरस कापावा लागतो आणि मग त्यातले वर्तुळ तेवढे दिसते. मूळ चित्राचा जेमतेम 44 टक्के भाग हाती लागतो. कडेला उभा माणूस किंवा फळ्यावर कोपऱ्यात लिहिलेले गणित त्यात सापडणार नाही. अशा गोष्टी साध्या क्लिपनेच पाठवाव्यात.

आता आवाजाकडे वळू. चॅट उघडले की गोल मेसेज आपोआप चालू होतो, ओठ हलताना दिसतात, पण ऐकू काही येत नाही. हा बिघाड नाही. आपोआप चालू होण्याची ती अट आहे. चित्र फक्त फोन हातात असलेल्यालाच दिसते, आवाज आसपासच्या सगळ्यांना ऐकू जातो. लोकलच्या डब्यात कुणी चॅट उघडले आणि बहिणीने सांगितलेला तपासणीचा रिपोर्ट मोठ्याने वाजू लागला, तर त्यात ऐकणाऱ्याची काही चूक नसते आणि बोलणारीने तर त्याला संमती दिलेलीच नसते. खासगी बोलणे कधी उघड व्हावे हे ऐकणाऱ्याने ठरवायचे असते. म्हणून बोट लावेपर्यंत आवाज बंद ठेवणे ही त्याच्या हक्काची गोष्ट आहे.

आणखी एक अडचण आहे. पडद्यावर एकाच वेळी दोन-तीन गोल मेसेज दिसू शकतात. त्यांची मुकी चित्रे शेजारीशेजारी चालू शकतात, पण आवाज एकत्र आले तर एकही वाक्य धड समजणार नाही. शिवाय फोनवर गाणे चालू असेल, तर नुसते चॅट उघडल्याने ते थांबू नये. ब्राउझरही याच विचाराने वागतात. एप्रिल 2018 मध्ये आलेल्या क्रोमच्या 66व्या आवृत्तीपासून आवाजासह आपोआप सुरू होणाऱ्या व्हिडिओंवर बंधने आली. मुक्या व्हिडिओंना मोकळीक राहिली.

मेसेजला बोट लावले की टेलिग्राम तो पुन्हा सुरुवातीपासून, आवाजासह वाजवतो. मुके चित्र मधूनच दिसले असले, तरी बोलणे मधूनच ऐकावे लागत नाही. न ऐकलेल्या मेसेजपाशी असलेला छोटा ठिपकाही आवाजासह ऐकल्यावरच जातो. नुसते मुके चित्र दिसले म्हणजे मेसेज ऐकला, असे धरले जात नाही.

आवाज नाही अशी तक्रार आली तर आधी वर्तुळावर स्पीकर बंद असल्याचे चिन्ह आहे का ते पाहावे. असेल तर एकदा बोट लावणे पुरेसे आहे. चिन्ह गेले, मेसेज सुरुवातीपासून चालू झाला, तरी शांतताच असेल, तर फोनचा मीडियाचा आवाज वाढवून पाहावा. दुसरे मेसेज नीट ऐकू येतात आणि हाच येत नाही, असे असेल तर दोष पाठवणाऱ्याकडचा समजावा: रेकॉर्ड करताना माइकवर बोट आले असेल किंवा माइकच नीट चालत नसेल. तो मेसेज पुन्हा बोलूनच पाठवावा लागतो.