सम 'मॉ'वर, 'टु'वर नव्हे

चाल आधी बांधलेली होती, आठ मात्रांचा केरवा. त्यावर मी इंग्रजी ओळ लिहिली: 'टुमॉरो आय विल वेट बिसाइड द विंडो'. अक्षरं मोजून बसवली, तरी गाणाऱ्या मुलीने पहिल्याच खेपेला विचारलं, "हे काय म्हणायचंय?" शब्द सगळे ओळखीचे, पण कानाला कळेनात.

चूक ठोक्यांत सापडली. मी 'टु' समेवर ठेवला होता. एका मात्रेला एक अवयव धरला तर एक, तीन, पाच, सात या जड मात्रांवर टु, रो, विल, बि आले, आणि पुढच्या समेवर चक्क 'द'. इंग्रज माणूस बोलताना मॉ, वेट, साइड आणि विन यांवर जोर देतो. ते चारही माझ्या ओळीत हलक्या मात्रांवर गेले होते.

आपला कान लघु-गुरूवर पोसलेला आहे. 'टुमॉरो'तला 'रो' दीर्घ, म्हणून तो वजनदार वाटतो. इंग्रजीत मात्र प्रत्येक शब्दाचा एक अवयव आघाताचा ठरलेला असतो आणि बाकीचे दबतात. तो हलला की शब्दच बदलतो: 'रेकॉर्ड'मध्ये जोर 'रे'वर असेल तर तबकडी, 'कॉर्ड'वर असेल तर नोंदवणं. शब्दकोशात आघाताच्या अवयवाआधी वर एक उभी रेघ असते, ती आम्ही शाळेत कधी पाहिलीच नाही.

दुरुस्तीला एक शब्दही बदलावा लागला नाही. 'टु' समेच्या आधीच्या मात्रेवर उचलला आणि सम 'मॉ'वर धरली. मग पाचवर वेट, सातवर साइड आणि पुढच्या समेवर विन. तिसऱ्या मात्रेवर 'आय' येतो. तो बोलण्यात हलका असतो, पण तीन ही पहिली-पाचवीइतकी जड नसते, म्हणून खपून जातो. 'द' तिथे आला असता तर खपला नसता.

चाल थेट समेवरच सुरू होत असेल तर उचलायला जागा नसते. तेव्हा शब्द बदलायचा, उदाहरणार्थ 'ईव्हनिंग फाइंड्स मी वेटिंग बाय द विंडो'. 'ईव्हनिंग' दोनच अवयवांत म्हणतात आणि जोर पहिल्यावर असतो, त्यामुळे ओळ समेवरच उभी राहते.

शेवटचा 'डो' लांबवायचा मोह मला आवरत नाही, आणि आवरायची गरजही नाही. तो हलक्या मात्रेवर सुरू झाला की कितीही ताणा, शब्द मोडत नाही. बिघडतं ते त्याची सुरुवात ठोक्यावर झाली तर. पाश्चात्त्य गायक आघाताचा अवयव कधी ठोक्याच्या किंचित आधीच घेतात. तो ठोका मग त्याच अवयवाचा मानायचा.

आता मी चालीवर गाण्याआधी ओळ नुसती बोलतो, बसमध्ये कुणाला तरी सांगावी तशी, आणि जोर येईल तिथे मांडीवर थाप मारतो. मग तबल्याचा ठेका लावून थापा तिथेच पडतात का ते पाहतो. परवा एका अंतऱ्यात 'गिटार' होता. माझी थाप सवयीने 'गि'वर पडली. शब्दकोशात रेघ 'टार'आधी होती.