चार मोटरी आणि एक उणे चिन्ह

५ इंची पंख्यांच्या रेसिंग क्वाडकॉप्टरमध्ये उडण्यासाठी हलणारे भाग अवघे चार असतात: चार मोटरी, आणि प्रत्येकीच्या डोक्यावर घट्ट बसवलेला पंखा. विमानाला असते तसे सुकाणू नाही, हेलिकॉप्टरप्रमाणे पात्यांचा कोन बदलणारी यंत्रणा नाही. चालक डोळ्यांवर गॉगल चढवतो, यंत्राच्या नाकावरच्या कॅमेऱ्यातून दिसेल तेवढ्यावर विसंबतो आणि ते ताशी १०० किलोमीटरहून अधिक वेगाने कमानींतून काढतो. त्या सगळ्या गिरक्या आणि कोलांट्या चार वेगांमधल्या फरकातून येतात.

मला याहून थक्क करते ती गोष्ट वेगळीच आहे. हे यंत्र स्वतःहून क्षणभरही सरळ राहू शकत नाही. मधोमध बसवलेल्या फ्लाइट कंट्रोलर नावाच्या छोट्या बोर्डावर जायरो असतो. यंत्र कोणत्या बाजूला किती वेगाने वळते आहे, हे तो सेकंदाला ८००० वेळांपर्यंत मोजतो. चालकाला काय हवे होते आणि प्रत्यक्षात काय घडले यांची वजाबाकी करून बोर्ड चारही मोटरींना नवे वेग देतो. म्हणजे जोडणी करताना आपण या वजाबाकीची चिन्हे जुळवत असतो. एक चिन्ह उलटे पडले, तर चूक सुधारण्याची तीच तत्परता यंत्राला आपटते.

पण आधी सोल्डरिंग, कारण सगळा प्रवाह तिथूनच जातो. मोटरींना वीज वाटणाऱ्या बोर्डाला ईएससी म्हणतात. मोटरींच्या बारीक तारा त्याला सहज जोडल्या जातात. कस लागतो तो बॅटरीच्या जाड तारा जोडताना, त्यातही ऋण बाजूच्या पॅडवर. ६३ भाग कथील आणि ३७ भाग शिसे असलेले सोल्डर १८३ अंश सेल्सिअसला वितळते, तरी सोल्डरिंग आयर्न ३८० अंशांच्या आसपास ठेवावे लागते. कारण ऋण पॅड बोर्डाच्या पोटातल्या तांब्याच्या मोठ्या पत्र्याला जोडलेला असतो आणि तो पत्रा उष्णता ओढून घेतो. इथे तापमानाइतकेच महत्त्व आयर्नच्या टोकातून किती उष्णता वाहते याला आहे. टोकदार टिप ३८० अंशांवर असूनही हरते, रुंद चपटी टिप जिंकते. आधी पॅडवर आणि तारेवर वेगवेगळे सोल्डर चढवावे, फ्लक्स लावावा आणि मग दोन्ही एकत्र वितळवून थंड होईपर्यंत तार अजिबात हलू देऊ नये.

चांगला जोड चकचकीत दिसतो आणि त्याची कड पॅडवर उतरती पसरलेली असते. मळकट, गोळा होऊन नुसता वर बसलेला थेंब म्हणजे ड्राय सोल्डर. मल्टिमीटर अशा जोडालाही पास करतो, आणि फसगत होते ती तिथेच. पूर्ण थ्रॉटलला बॅटरीतून १०० अँपिअर प्रवाह जात असेल आणि जोडाचा रोध ओहमचा फक्त हजारावा भाग असेल, तर उष्णता होते १०० × १०० × ०.००१, म्हणजे १० वॉट, तीही एका थेंबात. मल्टिमीटरला न जाणवणारा रोध आकाशात सोल्डर मऊ करू शकतो. म्हणून डोळ्यांनी पाहणे आणि तार ओढून पाहणे, या दोन्ही तपासण्या मला मीटरइतक्याच मोलाच्या वाटतात. धन आणि ऋण तारा एकमेकींना चिकटलेल्या नाहीत ना, हे मात्र मीटरच सांगतो. क्षणभर बीप होऊन थांबली तर तो बॅटरीच्या पॅडवरचा कपॅसिटर भरल्याचा आवाज. बीप चालूच राहिली तर शॉर्ट आहे. पहिल्यांदा बॅटरी लावताना मधे स्मोक स्टॉपर जोडतात. प्रवाह मर्यादेबाहेर गेला की तो वाट बंद करतो.

आता चिन्हांकडे वळू. फ्लाइट कंट्रोलर यूएसबीने संगणकाला जोडून बीटाफ्लाइट उघडले की पडद्यावर क्वाडचे चित्र दिसते. हातातल्या क्वाडचे नाक खाली केले तर चित्राचेही नाक खाली गेले पाहिजे, उजवीकडे कलवले तर चित्र उजवीकडेच कलले पाहिजे. तारा सोयीच्या पडाव्यात म्हणून पुष्कळजण बोर्ड ९० अंश फिरवून बसवतात. त्यात गैर काही नाही, पण ते सॉफ्टवेअरला सांगावे लागते. नाही सांगितले, तर डावीकडचा कल त्याला पुढचा किंवा मागचा वाटतो, भलत्याच मोटरी वेग घेतात आणि क्वाड जमीन सोडताच उलटते.

मोटरींची तपासणी पंखे काढूनच करायची. याला अपवाद नाही. बीटाफ्लाइटच्या नेहमीच्या मांडणीत १ नंबरची मोटर मागे उजवीकडे, २ पुढे उजवीकडे, ३ मागे डावीकडे आणि ४ पुढे डावीकडे असते. एकेक मोटर हळू फिरवायची आणि तिच्या फिरत्या कवचाला कागदाची पट्टी हलकेच टेकवायची. पट्टी ज्या बाजूला ढकलली जाते, ती फिरण्याची दिशा. वरून पाहता १ आणि ४ घड्याळाच्या काट्यांप्रमाणे, २ आणि ३ उलट फिरायला हव्यात. समजा २ नंबर चुकीच्या दिशेने फिरते आहे. तिच्या तीन तारांपैकी कुठल्याही दोन तारांची अदलाबदल केली की ती उलटी फिरते. अ, ब, क या क्रमाने चुंबकीय क्षेत्र फिरत होते, ते आता अ, क, ब असे जाते. कोणत्या दोन निवडल्या याने फरक पडत नाही, कारण तीन गोष्टी वर्तुळात मांडण्याचे क्रमच दोन आहेत. आयर्न तापवायचे नसेल तर हीच अदलाबदल सॉफ्टवेअरमधूनही होते.

आता सर्वांत सुंदर सापळा. पुढचे पंखे चिखल आणि गवत कॅमेऱ्यावर उडवू नयेत म्हणून अनेक रेसर चारही मोटरी उलट्या फिरवतात आणि पंखेही त्यानुसार बदलून लावतात. हवा खालीच जाते, पुढेमागे आणि आजूबाजूला कलणेही बिनचूक चालते. बिघडते ते जागच्या जागी वळणे. पंखा ज्या दिशेने फिरतो त्याच्या उलट दिशेने तो क्वाडला ढकलतो. म्हणून उजवीकडे वळायला बोर्ड २ आणि ३ चा वेग वाढवतो. चारही दिशा उलटल्यावर हीच जोडी क्वाडला डावीकडे वळवते. वाऱ्याने यंत्र जरासे डावीकडे वळले, की बोर्ड ते थांबवण्यासाठी २ आणि ३ ला जोर देतो, त्यामुळे ते आणखी डावीकडे वळते, बोर्ड आणखी जोर देतो, आणि उड्डाणाच्या पहिल्याच क्षणी क्वाड भोवऱ्यासारखे गरगरते. तारा, मोटरी, पंखे सगळे ठीक. चुकले ते एक उणे चिन्ह. उपाय दोन ओळींचा:

```
set yaw_motors_reversed = ON
save
```

एवढे झाल्यावर पंख्यांविनाच आर्म करून थ्रॉटल किंचित वाढवला, की नवख्याला धडकी भरते: काठी स्थिर असताना मोटरी आपोआप वेग घेऊ लागतात. हा बिघाड नाही. बोर्डाला बारीकशी चूक दिसते, तो ती सुधारायला मोटर जोराने फिरवतो, पण पंखा नसल्याने क्वाड हलत नाही. म्हणून तो उरलेल्या चुकीची बेरीज करत जातो आणि जोर वाढवत राहतो. थ्रॉटल खाली घेऊन डिसआर्म करावे. पंखे लावून क्वाड हवेत तरंगले की प्रत्येक दुरुस्तीला उत्तर मिळते आणि ही वाढ होत नाही.