हप्ता तोच, कर्ज मात्र जागच्या जागी

जानेवारी 2022 मध्ये नाशिकच्या एका जोडप्याने 20 वर्षांसाठी 30 लाखांचं गृहकर्ज घेतलं, असं समजू. रेपो दर तेव्हा 4 टक्के होता. बँकेने त्यावर आपला 2.75 टक्क्यांचा स्प्रेड चढवला आणि व्याजदर 6.75 टक्के झाला. हप्ता बसला सुमारे 22,800 रुपयांचा. पहिल्या हप्त्यातले जवळपास 5,900 रुपये मुद्दलात गेले. पगारातून हप्ता कापला जाई आणि पुढे पाहण्याची गरज दोघांनाही वाटली नाही.

मे 2022 पासून रिझर्व्ह बँकेने रेपो वाढवायला सुरुवात केली आणि फेब्रुवारी 2023 मध्ये तो 6.5 टक्क्यांवर गेला. ऑक्टोबर 2019 नंतर बँकांनी दिलेलं फ्लोटिंग गृहकर्ज बाहेरच्या दराशी, बहुतेक ठिकाणी रेपोशी, बांधलेलं असतं. किमान 3 महिन्यांतून एकदा व्याजदर त्याच्याशी जुळवून घ्यावाच लागतो. यालाच रीसेट म्हणतात. एप्रिल 2023 पर्यंत या जोडप्याचा दर 9.25 टक्के झाला. हप्ता मात्र तोच होता, म्हणून घरात कुणाला काही जाणवलं नाही.

खाते उताऱ्यातली त्या महिन्याची ओळ नीट वाचली असती, तर धक्का बसला असता. बाकी होती सुमारे 29 लाख 45 हजार आणि त्यावरचं महिन्याचं व्याज जवळपास 22,700 रुपये. म्हणजे मुद्दलात पडले जेमतेम 110 रुपये! त्याच हप्त्यात कर्ज फेडायचं तर 58 वर्षं लागली असती. उरलेल्या 225 महिन्यांतच ते संपवायचं, तर हप्ता सुमारे 27,600 हवा होता.

असे प्रकार सर्रास होऊ लागल्यावर ऑगस्ट 2023 मध्ये रिझर्व्ह बँकेने बँका आणि वित्त कंपन्यांना नियम घालून दिले. रीसेटमुळे हप्ता किंवा मुदत बदलणार असेल तर ग्राहकाला ताबडतोब कळवायचं. हप्ता वाढवायचा, मुदत वाढवायची की दोन्ही थोडंथोडं, हे त्याला ठरवू द्यायचं. मुदत इतकी ताणायची नाही की हप्त्यातून व्याजसुद्धा वसूल होऊ नये. दर तिमाहीला मिळणाऱ्या पत्रकात किती मुद्दल फिटलं, किती व्याज गेलं आणि किती हप्ते उरले हे दाखवायचं. नव्या कर्जदाराने यातला ‘उरलेले हप्ते’ हा आकडा दर वेळी मागच्या पत्रकाशी ताडून पाहावा. तीन महिन्यांत तो तीनने कमी व्हायला हवा. तसा झाला नसेल, तर मुदत वाढली आहे असं समजावं.

मुदतपूर्व परतफेडीची खरी ताकद इथे दिसते. समजा, या जोडप्याने हप्ता 27,600 करून घेतला आणि सोबत 2 लाख रुपये भरले. व्यक्तीने राहण्यासाठी घेतलेल्या फ्लोटिंग गृहकर्जावर यासाठी दंड घेता येत नाही. पैसे स्वतःचे असोत वा दुसऱ्या बँकेने कर्ज उचललेलं असो. पण पैसे भरताना अर्जावर काय लिहिलं, यावर सगळं अवलंबून आहे. ‘हप्ता कमी करा’ म्हटलं, तर तो महिन्याला सुमारे 1,900 रुपयांनी उतरतो आणि पूर्ण मुदतीत एकूण भरणा सव्वाचार लाखांच्या आसपास वाचतो. ‘मुदत कमी करा’ म्हटलं, तर दर तोच राहिल्यास सुमारे 35 हप्ते गळतात, म्हणजे साडेनऊ लाखांहून अधिक! घरखर्चाची ओढाताण नसेल, तर दुसरा पर्याय लेखी मागावा आणि नवं परतफेडीचं वेळापत्रक हातात घ्यावं.

राहिलं कन्व्हर्जनचं कलम. 2025 मध्ये रेपो उतरत डिसेंबरात 5.25 टक्क्यांवर आला. या जोडप्याचा दर त्याच स्प्रेडने 8 टक्के होतो. त्यांच्याच बँकेत नव्या ग्राहकाला मात्र 7.5 टक्क्यांचा दर मिळत असू शकतो, कारण नव्यांसाठी बँकेने स्प्रेड कमी केलेला असतो. जुन्याचा स्प्रेड आपोआप उतरत नाही, मागावा लागतो. ऑक्टोबर 2025 पासून ग्राहक टिकवण्यासाठी 3 वर्षं थांबण्याआधीही बँकेला तो कमी करता येतो. बँक यासाठी कन्व्हर्जन फी आकारते. समजा, ती जीएसटी धरून 5,900 रुपये आहे आणि बाकी 28 लाख. अर्ध्या टक्क्याने पहिल्याच वर्षात सुमारे 14,000 रुपये व्याज वाचतं, म्हणजे फी पाच-सहा महिन्यांत वसूल. बँक नाही म्हणाली, तर कर्ज दुसरीकडे हलवता येतं, पण तिथे प्रक्रिया शुल्क, मूल्यांकन, वकिलाचा शोध अहवाल आणि मुद्रांक शुल्क पुन्हा भरावं लागतं, तेव्हा हिशेब नव्याने मांडावा.

गृहवित्त कंपनीचं कर्ज असेल, तर एक फरक आधीच पाहावा. रेपोशी बांधण्याचा नियम बँकांसाठी आहे. कंपनीचा दर तिच्या स्वतःच्या प्रमुख दरावर चालतो आणि रेपो उतरला तरी तो लगेच उतरेलच असं नाही. मंजुरीपत्रावर सही करण्याआधी दर कशाशी बांधला आहे, स्प्रेड किती, रीसेटची तारीख कोणती आणि कन्व्हर्जन फी किती, या चार गोष्टी पत्रावर लिहून घ्याव्यात.