शाळेच्या वाटेवरचं गुणगुणणं

आपल्या विदर्भात शाळेची घंटा जरा उशिराच वाजते. पुण्या-कोल्हापूरकडची मुलं जूनच्या मध्यात पाटी-दप्तर घेऊन निघतात. आपल्याकडे ऊन उतरेपर्यंत थांबायचं, म्हणजे महिन्याचा शेवट येतो. त्या वेळी कुहीच्या शिवारात कोणाची पऱ्हाटी टोबायची राहिली असते, कोणी धानाचे पऱ्हे टाकत असतो, कोणाची मिरचीची रोपं गादीवाफ्यावर डोकं काढत असतात. घरातल्या मोठ्यांना दम खायला सवड नसते, आणि नेमकं त्याच सकाळी एखादं लाजरं लेकरू पदर घट्ट धरून म्हणतं, "मी नाही जात."

बाई, तुमच्या घरी असं लेकरू असेल तर तुम्ही काय करता? बहुतेकजणी बोलत राहतात. "काहून रडतेस वं? तिथं किती मुली आहेत! बाईंना नमस्कार करशील ना? नाव सांगशील ना?" माया त्यात असतेच. पण लाजऱ्या पोराला प्रश्न म्हणजे काम वाटतं. प्रत्येक 'ना?'ला उत्तर द्यावं लागतं, आणि शाळेत काय काय करावं लागणार याची यादीच त्याच्या डोक्यात तयार होते. गुणगुणण्याचं तसं नाही. तोंड मिटलेलं, शब्द नाहीत, उत्तर मागणारं कोणी नाही, बाजूने जाणाऱ्यालाही ऐकू जात नाही. आणखी एक गोष्ट अशी की गुणगुणताना श्वास हळूहळू आणि लांब सुटतो. घाबरलेलं पोर वरवर, तुटक श्वास घेतं. लांब श्वास सुटू लागला की छातीतली धडधड आपोआप उतरते. आपण मोठी माणसं अंधारातून येताना काहीतरी गुणगुणतो, ते काही हौसेनं नव्हे.

आता चाल कोणती घ्यायची? नवीन गाणं त्या दिवशी मुळीच काढू नका. शाळा नवी, वाट नवी, बाई नवीन, त्यात गाणंही नवं, म्हणजे पोराला धरायला काही उरत नाही. घरात ज्याची सवय आहे तीच चाल बरी. आपल्याकडे भाद्रपदाच्या पुनवेपासून कोजागिरीपर्यंत पोरी टिपऱ्या घेऊन घरोघर भुलाबाईची गाणी म्हणतात, त्या चाली या कामाला फार सोयीच्या आहेत. ओळ आखूड, चार-पाच सुरांत फिरणारी, पुन्हा पुन्हा तीच येणारी. लहान पोराचा गळाही तेवढाच फिरतो. म्हातारी बाई म्हणेल, "आखाड लागायचा आहे, आत्ताच कायची भुलाबाई?" तिला सांगा, गाणं नाही म्हणत, नुसती चाल घोळवतो आहोत.

शब्द मात्र भुलाबाईचे नकोत, आणि यालाही कारण आहे. त्या गाण्यांत आणि जात्यावरच्या ओव्यांत सासर-माहेर भरलेलं असतं. लेक निघाली, माय मागं राहिली. आपण सवयीनं म्हणून जातो, आपल्याला काही वाटत नाही. पण ज्या पोराचा हात पाच मिनिटांनी सोडायचा आहे, त्याला ते बरोबर लागतं आणि डोळे भरून येतात. अंगाईही नको. अंगाईनं लेकरू सैल पडतं, कडेवर घे म्हणतं. चालतं ठेवणारी चाल पाहिजे.

हे मला कोणी शिकवलं नाही, एकदा चुकून आणि एकदा साधून कळलं, ते सांगते.

वैनगंगेवर गोसीखुर्दच्या धरणाचा पाया राजीव गांधींच्या हातून १९८८ साली घातला गेला. पाणी अडलं ते पुष्कळ वर्षांनी, आणि त्यात आपल्या कुही तालुक्यातलीही गावं गेली. कोणी नव्या गावठाणात गेलं, कोणी नातेवाइकांच्या आसऱ्यानं दुसरीकडे राहिलं. माझ्या बहिणीचं घर असंच उठलं आणि लेकासुनेसह ती कुहीला आमच्या शेजारी खोली करून राहिली. तिची नात तेव्हा सात वर्षांची होती. जुन्या गावी शाळा घरामागेच होती, आवारातून आजीला हाक मारता यायची. घरात पोरगी अखंड बोलायची, पण परकं माणूस दारात आलं की दाराच्या फळीमागे जायची. कुहीतली शाळा आमच्या घरापासून पायी पाऊण कोस, आणि वर्गातलं एकही पोर ओळखीचं नाही.

शाळा उघडायला आठवडा होता. सून रोवणीच्या तयारीत, म्हणून वाटेची जबाबदारी माझ्यावर आली. पहिल्या संध्याकाळी मी तिला नुसतं फिरायला म्हणून त्या वाटेनं नेलं. शाळेचं नावही काढलं नाही. वाटेत बोरिंग लागलं, तिथं थांबून पाणी प्यालो. घरी येताना मी भुलाबाईच्या चालीत एक ओळ घोळवली. दुसऱ्या दिवशी पुढच्या खुणेपर्यंत गेलो आणि दुसरी ओळ जोडली. चार दिवसांत चार ओळी झाल्या. कवितेसारखं त्यात काही नाही, वाटेवर जे दिसलं ते:

एक पाऊल बोरिंगापाशी, पाणी पडे गार
दुसरं पाऊल निंबापाशी, पोपट बसले चार
तिसरं पाऊल चक्कीपाशी, पिठाचा गं वास
चौथं पाऊल नाल्यापाशी, बेडकांचा तास

यात शाळा कुठेच नाही, हे तुमच्या लक्षात आलं असेल. गाणं नाल्यावर संपतं. नाल्यापासून फाटक शंभरेक पावलांवर होतं, आणि तेवढा तुकडा मी मुद्दाम मोकळा ठेवला. गुणगुणत फाटकापर्यंत गेलं तर तिथल्या पोरांपुढे लाज वाटते, आणि गाणं फाटकाशीच तुटलं तर उद्यापासून ते गाणंच रडण्याची खूण होऊन बसतं.

तुमची वाट वेगळी, तुमच्या खुणा वेगळ्या. ओळी तुम्हीच जोडा, किंवा त्याहून बरं म्हणजे पोरालाच एखादी जोडू द्या. आमची पोपटाची ओळ तिचीच आहे.

चालण्याचं एक सांगते. ठेका आपल्या पावलांचा धरू नका. आपण एक पाऊल टाकतो तेव्हा लेकराची दोन पडतात. त्याच्या आठ पावलांना एक ओळ बसली की बरोबर बसली. त्याला दम लागत असेल तर आपण घाईत आहोत. सूरही शक्यतो त्यालाच काढू द्यावा आणि आपण त्यात मिसळावं. घरातली पुरुष माणसं नेत असतील तर त्यांचा आवाज खाली असतो, पोर त्याच्या मागे खाली जातं आणि घुटमळतं. त्यांनी सूर सोडून द्यावा आणि धरलेल्या हाताच्या बोटांनी नुसता ठेका दाबावा, तेवढं पुरतं. मोटारसायकलवर तर इंजिनच्या आवाजात काहीच ऐकू येत नाही. शेवटच्या वळणावर गाडी लावून उरलेली वाट पायी जावं.

शाळेच्या पहिल्या सकाळी पोरीनं माझा हात इतका आवळला की नखं रुतली. मी शब्द म्हटलेच नाहीत, मिटल्या तोंडानं चाल सुरू केली. बोरिंग गेलं, ती गप्प. निंबापाशी मी मुद्दाम चूक केली आणि हळूच म्हटलं, "पोपट बसले पाच." दोन पावलं गेली, आणि खालून आवाज आला, "पाच नाही वं आजी, चार!" हाताची पकड तेव्हा ढिली झाली. लेकरू तुमची चूक काढू लागलं म्हणजे भीतीतून थोडं बाहेर आलं असं समजा. चक्कीपासून तिनंच सूर धरला. नाल्यावर मी थांबले, गाणं संपवलं, आणि तिला स्पष्ट सांगितलं, "सुट्टी झाली की मी इथंच, या पुलावर उभी राहीन." मग दोघी गप्प चालत फाटकाशी गेलो. तिनं मागे वळून पाहिलं, पण गेली.

इथवर बरं झालं. चूक दुसऱ्या दिवशी झाली, आणि ती माझीच. फाटकाशी तिच्या वर्गाच्या बाई भेटल्या. मला कौतुक आवरलं नाही. म्हटलं, "गाणं फार छान म्हणते, म्हण गं, बाईंना म्हणून दाखव." पोरीचं तोंड उतरलं, ओठ मिटले ते मिटले. तिसऱ्या दिवशी तिनं वाटेवर चाल धरलीच नाही. दोघींचं जे होतं ते मी चारचौघांत नेलं होतं. चार दिवस मी एकटीच हळू आवाजात घोळवत राहिले, म्हण असं एकदाही म्हटलं नाही, आणि पाचव्या दिवशी निंबापाशी ती आपणहून मिसळली. तुम्ही हे करू नका. पाहुण्यांपुढे तर नाहीच नाही.

चाल कामी येत नसेल तर तेही ओळखता येतं. हात गार पडलेला असतो, पोर श्वास रोखून धरतं, पावलं ठेक्यात पडत नाहीत. अशा वेळी आवाज चढवून काही होत नाही. सूर सोडून द्या, बोटांचा ठेका तेवढा ठेवा, वाटलं तर दोन मिनिटं निंबाखाली उभं राहा. आणि गुपचूप निसटून येणं टाळा. पोराची नजर चुकवून आलेली माय दुसऱ्या दिवशी दुप्पट घट्ट धरली जाते.

सगळ्याच गोष्टींना हा उतारा नाही. रोज पोटात दुखतं, अंथरूण ओलं होऊ लागतं, एखाद्या पोराचं किंवा मास्तरांचं नाव काढलं की पोर दचकतं, तर वर्गात मारणं-चिडवणं चाललं आहे का ते आधी शाळेत जाऊन विचारलं पाहिजे. काही मुलं घरी खडखडीत बोलतात आणि शाळेत तोंडच उघडत नाहीत. पहिला महिना सोडून द्या, नव्या जागी तेवढं चालतं. त्यापुढेही महिनाभर एक शब्द नाही असं असेल तर त्याला हट्ट म्हणू नका. आधी कान तपासून घ्या, आणि नागपूरच्या सरकारी मेडिकलमध्ये मानसोपचार विभाग आहे तिथं दाखवा. लवकर नेलेलं बरं.

आमच्या पोरीला तिसऱ्या आठवड्यात एक मैत्रीण मिळाली, चक्कीवाल्याच्या घरची. मग मला चक्कीपर्यंतच जावं लागायचं, आणि श्रावणात तेही सुटलं. एका दुपारी मी पुलावर न्यायला गेले तर दोघी पुढे निघून आलेल्या. माझ्याकडे लक्ष नव्हतं. चाल तीच होती, पण पोपट आता सात झाले होते आणि बेडकांच्या तासाला मास्तर म्हणून एक म्हैस आली होती.