गळा आवळला, तरी दाब उतरला

फ्लुइड मेकॅनिक्सच्या तोंडी परीक्षेत परीक्षक व्हेंच्युरीमीटरच्या अरुंद गळ्यावर बोट ठेवतात आणि विचारतात, "इथे दाब जास्त की कमी?" आदल्या रात्री बर्नुलीचं समीकरण पाच वेळा लिहून काढलेला विद्यार्थीही क्षणभर अडखळतो. समीकरण सांगतं कमी, मन सांगतं जास्त. मग तो मदतीसाठी मॅनोमीटरकडे बघतो, तर तिथे गळ्याकडच्या नळीत पारा वर चढलेला! "जास्त, सर," तो म्हणतो आणि फसतो. यू आकाराच्या नळीत ज्या बाजूला दाब जास्त, त्या बाजूचा पारा खाली ढकलला जातो. गळ्याकडचा पारा वर आला, कारण तिथे त्याला दाबून ठेवणारं पाणी कमी पडलं.

मनाचं उत्तर चुकतं, कारण ते गर्दी बघून शिकलेलं असतं. लोकल आल्यावर स्टेशनच्या पुलाच्या तोंडाशी माणसं एकमेकांना चिकटतात, वेग मंदावतो, रेटारेटी वाढते. अरुंद जागा म्हणजे दाटी, हे समीकरण आपल्या अंगात मुरलेलं असतं. पण माणसांची गर्दी दाटते आणि विरळ होते, तशी पाण्याची होत नाही. नळातल्या दाबाला पाण्याचं आकारमान इतकं किंचित बदलतं, की हिशेबात ते स्थिरच धरतात. दाटायची सोय नसल्यामुळे गळ्यापाशी आलेल्या पाण्यापुढे एकच मार्ग उरतो. धावायचं.

सातत्य समीकरण एवढंच सांगतं. नळ भरून वाहतो आहे, कुठे गळती नाही, प्रवाह स्थिर आहे. तर एका सेकंदात रुंद भागातून जितके लिटर गेले, तितकेच अरुंद भागातूनही जायला हवेत.

```
A1·V1 = A2·V2
```

A म्हणजे नळाच्या काटछेदाचं क्षेत्रफळ आणि V म्हणजे सरासरी वेग. प्रयोगशाळेत सहज सापडेल असा एक व्हेंच्युरीमीटर घेऊ: नळाचा व्यास ५० मिमी, गळ्याचा २५ मिमी. व्यास निम्मा झाला की क्षेत्रफळ पाव होतं. घाईत वेग दुप्पट धरण्याची चूक इथेच होते. नळात पाणी सेकंदाला १ मीटर वेगानं जात असेल, तर गळ्यात ते सेकंदाला ४ मीटर वेगानं जाईल. दोन्हीकडे प्रवाह एकच, सेकंदाला साधारण १.९६ लिटर.

आता खरा प्रश्न. १ चा वेग ४ कसा झाला? पाण्याला वस्तुमान आहे, आणि वस्तुमान असलेली कोणतीही गोष्ट कुणीतरी ढकलल्याशिवाय वेग घेत नाही. आडव्या नळातल्या पाण्याच्या एका चकतीला ढकलणारे दोघेच: मागचं पाणी आणि पुढचं पाणी. चकती पुढच्या दिशेनं वेग घेते आहे, त्याअर्थी मागचा रेटा पुढच्या रेट्यापेक्षा जास्त असलाच पाहिजे. म्हणजे मागे दाब जास्त, पुढे कमी. गळ्यातला कमी दाब हा वाढलेल्या वेगाचा एखादा गूढ परिणाम नव्हे; दाबातल्या त्या फरकानंच पाण्याला पळवलेलं असतं. न्यूटनचा दुसरा नियम, फक्त द्रवाच्या वेशात.

हा रेटा किती मोठा असतो, याची कल्पना सहसा नसते. व्हेंच्युरीचा निमुळता होत जाणारा भाग साधारण २१ अंशांचा असतो. ५० मिमीवरून २५ मिमीवर यायला त्याला जेमतेम ६७ मिमी लांबी लागते, म्हणजे चार बोटांची रुंदी. तेवढ्या अंतरात वेग चौपट करायचा, तर सरासरी त्वरण सेकंदाला सेकंदामागे ११२ मीटर येतं. गुरुत्वत्वरणाच्या अकरा पटींहून अधिक! बाहेरून शांत दिसणाऱ्या त्या पितळी तुकड्याच्या आत एवढी धावपळ चाललेली असते.

घर्षण बाजूला ठेवलं आणि नळ आडवा धरला, तर बर्नुलीचं समीकरण हाच हिशेब ऊर्जेच्या भाषेत मांडतं:

```
p1 + ½ρV1² = p2 + ½ρV2²
```

पाण्याची घनता १००० धरून आकडे घाला. दाबातला फरक ५०० × (१६ − १), म्हणजे ७५०० पास्कल. पाण्याच्या स्तंभात मोजला तर सुमारे ७६ सेंमी, आणि पाऱ्याच्या मॅनोमीटरवर सुमारे ६१ मिमी. इथे भागायचं ते १२.६ नं. पाऱ्याची घनता पाण्याच्या १३.६ पट हे खरं, पण पाऱ्याच्या वर दुसऱ्या नळीत हवा नसून पाणीच असतं, म्हणून त्याचा १ वजा होतो.

डॅनिएल बर्नुलीचं 'हायड्रोडायनॅमिका' १७३८ मध्ये प्रसिद्ध झालं, आणि इटलीच्या जोव्हानी बातिस्ता व्हेंच्युरीनं अरुंद होणाऱ्या नळ्यांवरचे आपले प्रयोग १७९७ मध्ये छापले. पण पाणी मोजायला त्याचा उपयोग करावा, हे सुचलं अमेरिकेतल्या क्लेमेन्स हर्शेलला. मॅसॅच्युसेट्समधल्या होल्योक गावी पाण्यावर चालणाऱ्या गिरण्या होत्या आणि कोण किती पाणी वापरतो ते मोजणं हर्शेलचं काम होतं. १८८७ च्या सुमारास त्यानं हे मीटर पुढे आणलं आणि नाव मात्र व्हेंच्युरीचं दिलं. स्वतःच्या यंत्राला नव्वद वर्षं आधीच्या माणसाचं नाव देणारा इंजिनिअर विरळाच.

इथवर आलेला विद्यार्थी हमखास एक शंका काढतो, आणि ती रास्त आहे. बागेत पाणी घालताना नळीच्या तोंडावर अंगठा दाबला की अंगठ्याला दाब वाढलेला जाणवतो. मग अरुंद जागी दाब कमी कसा?

जाणवतं ते खोटं नाही, फक्त जागा वेगळी आहे. अंगठ्याला लागतो तो त्याच्या मागे, नळीच्या रुंद भागात असलेला दाब. फटीतून सुटलेल्या फवाऱ्यात दाब उरतो तो बाहेरच्या हवेइतकाच. मागे जास्त, पुढे कमी. नियम पाळला गेलाच. पण अंगठा लावण्याआधीच्या तुलनेत मागचा दाब वाढला, त्याचं काय? त्याचं उत्तर प्रवाहात आहे. तोंड उघडं असताना टाकीतल्या पाण्याची बहुतेक ऊर्जा लांबलचक नळीच्या घर्षणात खर्ची पडते. अंगठ्यानं प्रवाह घटतो, नळीतला वेग घटतो, घर्षणही घटतं आणि वाचलेला दाब तोंडाशी पोचतो. सातत्य समीकरण एकाच क्षणी दोन जागांची तुलना करतं. अंगठा लावण्यापूर्वीचा आणि नंतरचा प्रवाह ते सारखा मानत नाही. खात्री करायची असेल तर बादली घ्या: अंगठा दाबून ती भरायला जास्त वेळ लागतो, फवारा कितीही जोरात दिसला तरी.

याचीच उलटी चूकही वह्यांमध्ये सापडते. एकाच व्यासाच्या लांब नळात पुढे पुढे दाब कमी होत जातो. "दाब कमी झाला म्हणजे वेग वाढला," असं लिहून मुलं मोकळी होतात. व्यास तोच, मग क्षेत्रफळ तेच, आणि सातत्यामुळे वेगही तोच. इथे दाबाच्या बदल्यात वेग मिळालेला नाही. घर्षणानं तो खाल्ला आणि पाणी नावापुरतं गरम झालं. दाब आणि वेग यांची अदलाबदल फक्त क्षेत्रफळ बदलतं तिथे होते.

गळ्यात गेलेला दाब परत मिळतो का? बराचसा मिळतो, पण घाई केली तर नाही. गळ्यानंतरचा रुंदावत जाणारा भाग म्हणूनच लांब असतो. ७ अंशांचा कोन घेतला तर आपल्या मीटरमध्ये तो २० सेंमी भरतो, आधीच्या भागाच्या तिप्पट. इथे पाणी कमी दाबाकडून जास्त दाबाकडे, म्हणजे चढावर चाललेलं असतं. मधलं पाणी वेगाच्या जोरावर चढ पार करतं. भिंतीलगतचं पाणी मुळातच मंद, ते वाटेत दम सोडतं. कोन मोठा ठेवला तर ते भिंतीपासून सुटतं, उलटं फिरतं, भोवरे तयार होतात आणि ऊर्जा त्यांत जिरते. नीट बांधलेल्या व्हेंच्युरीत मोजलेल्या फरकापैकी साधारण १० ते १५ टक्के दाब कायमचा जातो. ऑरिफिस प्लेट स्वस्त आणि बसवायला सोपी, पण तिच्यात हा तोटा कितीतरी मोठा. वर्षानुवर्षं पंप चालवायचा असेल तर विजेच्या बिलात हा फरक दिसतो.

अदलाबदलीला तळही आहे. आपल्या नळात वातावरणापेक्षा ५० किलोपास्कल जास्त, म्हणजे एकूण १५० किलोपास्कल दाब आहे असं धरा. प्रवाह वाढवत नेला आणि गळ्यातला वेग सेकंदाला साडेसतरा मीटरच्या आसपास पोचला, की तिथला दाब ४ किलोपास्कलवर उतरतो. खोलीच्या तापमानाचं पाणी त्या दाबाला उकळतं. वाफेचे बुडबुडे होतात, पुढे दाब वाढताच फुटतात आणि नळातून खडी वाहावी तसा आवाज येतो. तो ऐकू आला की बर्नुलीचं समीकरण मिटवून व्हॉल्व्ह थोडा बंद करावा.

शेवटी प्रॅक्टिकल. मॅनोमीटरवर ६१ मिमी फरक आला, तर सूत्रानं प्रवाह सेकंदाला १.९७ लिटर. आता ५० सेंमी चौरस टाकीत पाणी १० सेंमी चढायला, म्हणजे २५ लिटर जमायला, १३.१ सेकंद लागले तर प्रत्यक्ष प्रवाह १.९१ लिटर. भागाकार ०.९७; व्हेंच्युरीसाठी अगदी योग्य. जे ३ टक्के कमी पडले ते प्रामुख्यानं निमुळत्या भागातल्या घर्षणाचे. चुकून १३.६ नं गुणलं तर हाच आकडा ०.९३ येतो आणि दोष बिचाऱ्या मीटरला लागतो.

आणि उत्तर १ पेक्षा जास्त आलं, तर? घर्षणानं पाणी वाढत नाही, तेव्हा गडबड मोजणीत आहे. प्रवाह बंद करा, नळ भरलेला ठेवा आणि पाऱ्याकडे बघा. दोन्ही बाजू एका पातळीत नसतील तर जोडनळीत हवेचा बुडबुडा अडकला आहे. आकडे जुळवून जर्नल पूर्ण करण्याआधी वरचा कॉक उघडून तो बाहेर काढा आणि रीडिंग पुन्हा घ्या.